परतूरचे नेमके कोण?

परतूर हे जालना जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावर त्याचे स्टेशन आहे. 1 मे 1981 रोजी जालना जिल्हा निर्माण झाला. तोपर्यंत परतूर तालुका परभणी जिल्ह्यात होता. ही तारीख लक्षात ठेवा, पुढे तिचे काम पडणार आहे.

समजा, या भागातील एका जुन्या शाळेने आपले जनरल रजिस्टर संगणकावर चढवले आहे. त्यातला जन्मस्थळाचा रकाना वेगळ्या फाइलीत काढला असून एका ओळीत एक नोंद आहे. मुख्याध्यापक संगणक जाणणाऱ्या एका मित्राला चिठ्ठी पाठवतात : ‘रजिस्टरमधून परतूरचे विद्यार्थी शोधायचे आहेत. त्यासाठी रेग्युलर एक्स्प्रेशन लिहून द्यावी.’ चिठ्ठी एवढीच. सोबत रजिस्टरातली एकही ओळ नाही.

रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणजे अक्षरांच्या मांडणीचे वर्णन करणारे छोटे सूत्र. सूत्र संगणकाला दिले की तो फाइलीतली प्रत्येक ओळ तपासतो आणि ‘जुळली’ किंवा ‘जुळली नाही’ असा निकाल देतो. मित्र म्हणेल, यात अवघड काय? सूत्र तर समोर आहे :

```
परतूर
```

हे सूत्र ‘परतूर, जि. जालना’ या नोंदीशी जुळेल. पण ते ‘आष्टी, ता. परतूर’ हिच्याशीही जुळेल, कारण आष्टी हे परतूर तालुक्यातले गाव आहे आणि ओळीत परतूर हा शब्द आहे. मुख्याध्यापकांना गाव हवे होते की तालुका? एखाद्या लेखनिकाने ऱ्हस्व उकार देऊन ‘परतुर’ लिहिले असेल, तर ती नोंद सुटेल. उलट कोणी फक्त ‘तूर’ शोधले, तर लातूरचे विद्यार्थीही यादीत येतील.

सूत्र चूक की बरोबर, हे सूत्राकडे पाहून ठरत नाही. ते मुख्याध्यापकांच्या मनात काय आहे यावर ठरते आणि चिठ्ठीत ते उतरलेले नाही. सोबत नमुन्याच्या चार ओळी पाठवल्या असत्या तर भागले असते का? या प्रश्नाला गणिताने दिलेले उत्तर बारकाईचे आहे आणि त्यामागे काही दशकांचा इतिहास आहे.

मज्जापेशींपासून सुरुवात

1943 साली वॉरन मॅककुलक आणि वॉल्टर पिट्स यांनी मेंदूतील मज्जापेशींचे एक सोपे गणिती चित्र मांडले. त्यांच्या चित्रातील प्रत्येक पेशी कोणत्याही क्षणी एक तर चेतलेली असते किंवा शांत असते, तिसरी अवस्था नाही. अशा पेशी एकमेकींना जोडल्या की जाळे तयार होते. 1951 च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील तर्कशास्त्रज्ञ स्टीफन क्लेनी हे रँड या संशोधन संस्थेत काम करीत होते. त्यांनी स्वतःला प्रश्न विचारला : अशा जाळ्यापुढे संकेतांची मालिका सरकत गेली, तर ते कोणकोणत्या प्रकारच्या मालिका ओळखू शकेल?

त्यांना मिळालेले उत्तर नेटके होते. तीनच क्रिया पुरतात. पहिली, ‘हे किंवा ते’. दुसरी, ‘हे आणि त्यानंतर ते’. तिसरी, ‘हे कितीही वेळा’. या कितीही मध्ये शून्य वेळाही आले. तिसऱ्या क्रियेसाठी त्यांनी तारका वापरली आणि आजही सूत्रांत ती तारकाच आहे. या तीन क्रियांनी ज्या मालिकांचे वर्णन करता येते तेवढ्याच मालिका मर्यादित अवस्था असलेले यंत्र ओळखते, कमी नाही आणि जास्तही नाही. हा लेख 1956 साली ग्रंथात छापला गेला. अशा मालिकांच्या समूहांना क्लेनींनी ‘रेग्युलर’ म्हटले. मात्र नाव त्यांना फारसे पटलेले नव्हते, कारण याहून चांगला शब्द कोणी सुचवला तर स्वागत आहे, असे त्यांनी त्या लेखातच नोंदवले आहे. तसा शब्द काही मिळाला नाही आणि ‘रेग्युलर’च रूढ झाला.

आपल्या कामाचा मुद्दा असा : क्लेनींचे यंत्र प्रत्येक मालिकेबाबत हो किंवा नाही असाच निकाल देते. ‘बहुधा’ हा निकाल त्याच्याकडे नाही. चिठ्ठी लिहिणारा ज्या ओळींचा विचारही करीत नाही, त्यांच्याबाबतही सूत्र काही तरी ठरवूनच टाकते. मागणीतली संदिग्धता सूत्रात उरत नाही, पण म्हणून ती सुटलेलीही नसते. लिहिणाऱ्याने नकळत कोणती तरी बाजू घेतलेली असते, एवढेच.

सूत्र यंत्रात आले

क्लेनींची कल्पना कागदावरून संगणकात आणली केन थॉम्प्सन यांनी. 1968 साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या लेखात त्यांनी सूत्रावरून आयबीएम 7094 या संगणकासाठी थेट यंत्रभाषेतील आज्ञा तयार करण्याची रीत दिली. रीतीचा गाभा असा : मजकुरातले एकेक अक्षर वाचताना सूत्रात आपण कोणकोणत्या जागी असू शकतो, त्या सर्व जागांची यादी एकाच वेळी पुढे न्यायची. त्यामुळे मागे वळून पुन्हा वाचावे लागत नाही.

पुढे युनिक्स प्रणालीतील `ed` या संपादकात सूत्राने शोधण्याची सोय आली. त्यात `g/re/p` अशी आज्ञा देता येत असे. `g` म्हणजे सगळीकडे शोध, `re` च्या जागी आपले सूत्र आणि `p` म्हणजे सापडलेली ओळ छाप. या आज्ञेवरूनच `grep` हे नाव आले आणि 1973 पासून तो स्वतंत्र कार्यक्रम म्हणून युनिक्ससोबत मिळू लागला. त्याच्या जन्माची हकिगत ब्रायन कर्निघन सांगतात. बेल प्रयोगशाळेतील ली मॅकमॅहन हे 1787-88 मधील ‘फेडरलिस्ट’ निबंधांचा अभ्यास करीत होते. हे 85 निबंध टोपणनावाने छापले गेले होते आणि त्यातील काहींचा लेखक कोण, हा वाद होता. कोण कोणता शब्द किती वेळा वापरतो यावरून लेखक ओळखायचा, तर सगळा मजकूर चाळायला हवा. पण तो `ed` मध्ये मावत नव्हता. थॉम्प्सन यांनी संपादकातला शोधाचा भाग वेगळा काढून रातोरात कार्यक्रम तयार करून दिला.

मागणारा आणि करणारा एकाच प्रयोगशाळेत होते आणि मजकूर दोघांच्या हाताशी होता. आपल्या चिठ्ठीत नेमके हेच नाही. `grep` ओळीओळीने शोधतो, हा त्याचा न बोललेला नियम आहे. रजिस्टरातला पत्ता दोन ओळींत तुटला असेल, पहिलीत ‘पर’ आणि दुसरीत ‘तूर’, तर तो त्याला दिसणारच नाही. पत्ते कसे टंकले आहेत हे नमुना पाहिल्याशिवाय कळायचे कसे?

मराठी मजकुरात याहून एक बारीक गोष्ट आहे. ‘परतूर’ हा शब्द आपण चार अक्षरी म्हणतो : प, र, तू, र. युनिकोडमध्ये मात्र त्यात पाच चिन्हे असतात, कारण ‘त’ आणि दीर्घ उकार वेगवेगळे साठवलेले असतात. सूत्रात एक टिंब म्हणजे ‘कोणतेही एक चिन्ह’. त्यामुळे सुरुवातीपासून शेवटपर्यंत चार टिंबांचे सूत्र ‘परतूर’शी जुळत नाही, पाच टिंबांचे जुळते :

```
^....$
^.....$
```

इथे `^` म्हणजे ओळीची सुरुवात आणि `$` म्हणजे ओळीचा शेवट. ‘चार अक्षरी गावे शोधा’ अशी मागणी आली, तर अक्षर कशाला म्हणायचे हे आधी ठरवावे लागेल. आणखी एक अडचण जुन्या फाइलींची. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी मजकूर अनेकदा अशा फाँटांत टंकला जाई की पडद्यावर ‘परतूर’ दिसे, पण आत साठवलेली चिन्हे इंग्रजी अक्षरांची असत. अशा फाइलीत देवनागरी सूत्राला एकही ओळ सापडत नाही. म्हणून नमुना मागताना तो पुन्हा टंकून किंवा छायाचित्र काढून मागू नये. मूळ फाइलीतल्या चार ओळी जशाच्या तशा मागाव्यात.

नुसते होकार पुरत नाहीत

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मुख्याध्यापकांनी नमुने पाठवले, पण सगळे ‘हव्या’ नोंदींचेच. तेवढ्यावरून सूत्र निश्चित होईल का? 1967 साली ई. मार्क गोल्ड यांनी या प्रश्नाचा गणिती निकाल लावला. त्यांच्या मांडणीत एक शिकणारा आहे आणि त्याच्यापुढे एकामागून एक उदाहरणे येतात. प्रत्येक उदाहरणानंतर तो आपला अंदाज सांगतो. कधी ना कधी त्याचा अंदाज बरोबर नियमावर स्थिर झाला आणि पुन्हा बदलला नाही, तर तो शिकला असे मानायचे.

गोल्ड यांनी दाखवले की फक्त होकारार्थी उदाहरणे मिळत असतील, तर सर्व रेग्युलर नियम शिकू शकणारी एकही रीत असू शकत नाही. युक्तिवाद वर्गात फळ्यावर करून दाखवण्याइतका सोपा आहे. एकच अक्षर घ्या, अ. नियम यांपैकी एक असू शकतो : ‘फक्त अ’, ‘अ किंवा अअ’, ‘जास्तीत जास्त तीन अ’, आणि असेच पुढे, किंवा ‘कितीही अ’. शिकणाऱ्याला ‘अ’ हेच उदाहरण पुन्हा पुन्हा देत राहा. केव्हा तरी त्याला ‘फक्त अ’ म्हणावेच लागेल, नाही तर तो पहिला नियम कधीच शिकणार नाही. त्याने तसे म्हणताच ‘अअ’ द्यायला लागा. आता केव्हा तरी त्याला ‘जास्तीत जास्त दोन’ म्हणावे लागेल. तसे म्हणताच ‘अअअ’ द्या. हे असेच चालवले तर आपण दिलेली उदाहरणे ‘कितीही अ’ या नियमाचीच ठरतात आणि शिकणारा मात्र अनंत वेळा मत बदलत राहतो. तो स्थिर होत नाही, म्हणजे शिकत नाही. उलट तो घाईने ‘कितीही अ’ म्हणून थांबला, तर मर्यादित नियमांपैकी एखादा त्याच्या हातून सुटतो, कारण होकारार्थी उदाहरणांतून त्याला ‘हे जास्त झाले’ असे कोणी सांगतच नाही.

आपल्या चिठ्ठीत हाच पेच आहे. ‘परतूर, जि. जालना’ आणि ‘मु. पो. परतूर, जि. जालना’ असे दोनच हवे नमुने आले तर ‘परतूर’ हे सूत्रही जुळते, ‘तूर’ हेही जुळते आणि सगळ्याच ओळींशी जुळणारे `.*` सुद्धा जुळते. यातले कोणते जास्त पसरट आहे, हे फक्त नको असलेला नमुना सांगू शकतो. ‘लातूर, जि. लातूर : नको’ ही एक ओळ दुसरे आणि तिसरे सूत्र बाद करते.

दोन्ही प्रकारची उदाहरणे मिळाली तर चित्र पालटते, हेही गोल्ड यांनीच दाखवले. सर्व शक्य सूत्रे लांबीनुसार एका ओळीत लावा आणि आतापर्यंतच्या सर्व उदाहरणांशी सुसंगत असलेले पहिले सूत्र धरा. चुकीचे प्रत्येक सूत्र कधी तरी एखाद्या उदाहरणापाशी अडखळेल आणि बाद होईल. शेवटी बरोबर सूत्रावर आपण थांबूच. यातही एक उणीव राहते. आपण थांबलो आहोत हे आपल्याला कळत नाही, कारण पुढचे उदाहरण आपल्याला खोटे पाडणार नाही याची खात्री कोणत्याही क्षणी नसते.

किमान पुरेसा शिक्षक

नमुन्यांची वाट पाहत बसण्यापेक्षा प्रश्न विचारले तर? 1987 साली डेना अँग्लुइन यांनी ही वाट गणितात आणली. त्यांच्या शिकणाऱ्याला दोन प्रकारचे प्रश्न विचारता येतात. एक : ‘ही ओळ हवी की नको?’ दुसरा : ‘माझे सूत्र हे असे आहे, बरोबर का?’ दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देणाऱ्याने ‘बरोबर’ म्हणावे, किंवा जिथे सूत्र चुकते अशी एक ओळ दाखवावी. असे उत्तर देणाऱ्याला अँग्लुइन यांनी ‘किमान पुरेसा शिक्षक’ म्हटले आहे. शिक्षकाने नियम शब्दांत सांगण्याची गरज नाही. एवढी दोन प्रकारची उत्तरे दिली तर शिकणारा माफक प्रश्नांत नेमक्या नियमापर्यंत पोहोचतो, हे त्यांनी सिद्ध केले.

ही रीत चिठ्ठीला लावून पाहू. मित्र आधी काही ओळी स्वतःच बनवून मुख्याध्यापकांकडे पाठवतो आणि प्रत्येकीपुढे हवी असल्यास अधिक, नको असल्यास उणे अशी खूण करायला सांगतो. उत्तर येते :

```
+ मु. पो. परतूर, जि. जालना
+ परतूर, जि. परभणी
+ परतुर
- आष्टी, ता. परतूर, जि. जालना
- परतूर रोड, जालना
```

पाच खुणांनी बरेच उलगडले. गाव हवे आहे, तालुका नको. ऱ्हस्व उकार चालेल. दुसरी ओळ सर्वांत बोलकी आहे. ती 1981 पूर्वीची नोंद असणार. मित्राने खबरदारी म्हणून सूत्रात ‘जि. जालना’ घातले असते, तर त्या काळातल्या साऱ्या नोंदी गुपचूप गळाल्या असत्या आणि यादी तरीही व्यवस्थित दिसली असती. मराठवाड्यात अशा गळतीला किंमत आहे. 2023 मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींसाठी निजामकालीन कागदपत्रे तपासली, त्यांत मोडी आणि उर्दू लिपीतील कागदही होते. जुन्या कागदावरच्या एका ओळीवर कुणाचा तरी दाखला अवलंबून असतो. यादीत नसलेली ओळ स्वतःहून तक्रार करायला येत नाही.

मित्र पहिला अंदाज मांडतो :

```
^(मु\. *पो\. *)?(परतूर|परतुर) *(,|$)
```

अर्थ असा : ओळीच्या सुरुवातीला ‘मु. पो.’ असेल किंवा नसेल. मग गावाचे नाव दोहोंपैकी एका रूपात. मग हवे तर रिकामी जागा आणि त्यापुढे स्वल्पविराम किंवा ओळीचा शेवट. टिंबापूर्वीची तिरपी रेघ सांगते की इथे खरेच टिंब हवे आहे, कोणतेही चिन्ह नको. पाचही खुणांशी हे सूत्र जुळते. ‘परतूर रोड’ बाद होतो, कारण नावापुढे स्वल्पविराम नाही.

मुख्याध्यापक सूत्र चालवून पाहतात आणि एक प्रतिउदाहरण पाठवतात : ‘परतूर जि. जालना’ ही ओळ हवी होती, पण आली नाही. लिहिणाऱ्याने स्वल्पविराम दिलेलाच नव्हता. मित्र शेवटचा कंस बदलून `(,|ता|जि|$)` करतो. आता ती ओळ जुळते, पण ‘परतूर तांडा’ अशी एखादी नोंद असेल तर तीही आत येते. कारण ‘तांडा’ची पहिली दोन चिन्हे ‘ता’चीच आहेत, अनुस्वार त्यानंतर वेगळा साठवलेला असतो. डोळ्याला जे एक अक्षर दिसते त्याचा अर्धाच भाग सूत्राने पकडला. तिसरा अंदाज :

```
^(मु\. *पो\. *)?(परतूर|परतुर) *(,|ता\.|तालुका|जि\.|जिल्हा|$)
```

आता ‘ता’पुढे टिंब हवे, नाही तर पूर्ण ‘तालुका’ हवा. तांडा बाहेर राहतो. हे सूत्र `grep -E` ला देऊन वरच्या सर्व ओळी, खुणा काढून, तपासून पाहता येतील.

मुख्याध्यापक इथे ‘बरोबर’ म्हणतील का? खऱ्या जगातला शिक्षक आणि अँग्लुइन यांचा शिक्षक यांत इथेच फरक पडतो. त्यांचा शिक्षक सूत्र चुकले असेल तर चुकीची ओळ नक्की शोधून देतो. मुख्याध्यापकांना मात्र यादीत आलेल्या जादा ओळी सहज दिसतात, न आलेल्या दिसत नाहीत. त्यासाठी उलटा शोध उपयोगी पडतो. `grep` ला `-v` ही खूण जोडली की न जुळलेल्या ओळी बाहेर पडतात. त्यांतून ‘परत’ असलेल्या ओळी पुन्हा वेगळ्या काढायच्या आणि तेवढ्याच डोळ्यांखालून घालायच्या. हजारो ओळींतून वाचण्याजोग्या ओळी थोड्याच उरतात आणि प्रतिउदाहरण असेल तर ते बहुधा तिथेच लपलेले असते.

विद्यार्थ्यांना हा खेळ संगणकाशिवायही देता येईल. एकाने मनात नियम धरायचा, दुसऱ्याने ओळी लिहून विचारायच्या आणि अंदाज मांडायचा. सुरुवात वरच्या तिसऱ्या सूत्रापासूनच करा. ‘मु. परतूर, जि. परभणी’ ही हवी असलेली नोंद त्यातून सुटते. ती आत घ्यायची, पण ‘आष्टी, ता. परतूर’ बाहेरच ठेवायची, तर पहिला कंस कसा बदलावा लागेल?